चित्र जोडण्याचे बटण कोठे गेले?

विद्यार्थीमित्रहो, प्रथम हे पत्र वाचा.

‘महोदय, परवा तुमचे ॲप अपडेट झाले, तेव्हापासून फोटो जोडण्याचे बटण गायब झाले आहे. त्यामुळे आमचे सर्व काम अडले आहे. मी लेटेस्ट व्हर्जनच वापरतो. कृपया लवकरात लवकर दुरुस्ती करावी, ही विनंती.’

पत्र सभ्य आहे, त्यात खोटे काही नाही. जुलै २०२४ मध्ये आमच्या दापोलीच्या एका अकरावीतील विद्यार्थ्याने ते एका ॲपच्या मदतकक्षाला ईमेलने पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आले: ‘आमच्याकडे बटण दिसत आहे. आपण ॲप काढून पुन्हा टाकून पाहावे.’ हा सल्ला मदतकक्ष सर्रास देतात. पण तो त्या मुलाने तसाच पाळला असता तर काय झाले असते, हे कळण्यासाठी त्याचे काम काय होते ते सांगायला हवे.

ही मुले रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजतात. भारतीय हवामान खात्याची दिवसभराच्या पावसाची नोंद याच वेळेला होते, म्हणून आम्हीही तीच वेळ धरली आहे. आमच्या मोजपात्रात एका वेळी २० मिलिमीटर पाऊस मावतो. आता दापोलीचा जुलै म्हणजे काय, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको! समजा एके दिवशी ११२.४ मिलिमीटर पाऊस झाला. तर पात्र पाच वेळा काठोकाठ भरून ओतायचे आणि सहाव्या वेळी १२.४ वाचायचे. धो धो पावसात छत्री सांभाळत मोजताना एखादे पात्र मोजायचे राहिले, की नोंद एकदम २० मिलिमीटरने चुकते, आणि नंतर ती चूक शोधायला काहीच साधन उरत नाही. म्हणून प्रत्येक वेळी भरलेल्या पात्राचा फोटो काढून तो नोंदीला जोडायचा, असा नियम आहे. सहा फोटो असले म्हणजे सहा पात्रे झाली. फोटो नसलेली नोंद आम्ही कच्ची धरतो.

त्या आठवड्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही लहरीवर होती. सहा दिवसांच्या नोंदी ॲपमध्ये लिहून झाल्या होत्या, पण मुख्य संगणकाकडे गेलेल्या नव्हत्या. अशा न गेलेल्या नोंदी फोनमध्ये ॲपच्या स्वतःच्या कप्प्यात असतात, आणि ॲप काढून टाकले की तो कप्पाही पुसला जातो. ‘डेटा साफ करा’ या आज्ञेनेही तेच होते. (‘कॅशे साफ करा’ ही आज्ञा मात्र निराळी, तिने फक्त तात्पुरत्या फायली जातात.) सुदैवाने मुलगा सावध होता. त्याने आधी सगळे आकडे वहीत उतरवले आणि मग मला विचारले, “सर, ॲप काढू का?” मी म्हटले, “थांब. आधी बटण कसे गेले आहे ते पाहू.”

‘कसे गेले आहे’ हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल. गेले म्हणजे गेले! पण तसे नाही. पडद्यावरचे बटण ही शर्टाच्या बटणासारखी शिवून ठेवलेली वस्तू नव्हे. ॲपचे पान जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा ते नव्याने रेखले जाते. कोठे, केव्हा आणि कोणत्या अटीवर रेखायचे याच्या सूचना प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या असतात. म्हणून बटण दिसत नसेल तर मुख्यतः तीन शक्यता उरतात. एक, रेखण्याची सूचनाच काढून टाकली आहे किंवा तुमच्यापुरती बंद ठेवली आहे. दोन, सूचना आहे, पण तिची अट पुरी होत नाही. तीन, सूचना पाळली गेली, पण बटणाला जागा मिळाली नाही आणि ते दृष्टीआड कोठेतरी जाऊन बसले आहे. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. उपाय मात्र अगदी वेगवेगळे आहेत.

पहिल्या शक्यतेत एक गंमत आहे. नवी आवृत्ती सर्वांना एकदम न देता आधी थोड्या लोकांना द्यायची आणि काही बिघडत नाही असे पाहून मग इतरांना द्यायची, अशी पद्धत रूढ आहे. शिवाय एकाच आवृत्तीतील एखादी सोय कंपनी आपल्या संगणकावरून काहींसाठी चालू आणि काहींसाठी बंद ठेवू शकते. त्यामुळे ‘शेजाऱ्याच्या फोनवर बटण आहे’ एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. आधी दोन्ही फोनमधील आवृत्तीचे क्रमांक जुळवून पाहावे लागतात.

दुसरी शक्यता परवानगीची. येथे थोडे थांबू, कारण अपडेटनंतर चित्रे जोडता येत नाहीत अशी तक्रार यातून खरोखरच निघू शकते. पूर्वी अँड्रॉइड फोनमधील चित्रे पाहण्यासाठी ॲपला `READ_EXTERNAL_STORAGE` नावाची परवानगी मागावी लागे. २०२२ साली अँड्रॉइड १३ आले. या आवृत्तीसाठी म्हणून बांधलेल्या ॲपला ही जुनी परवानगी उपयोगाची राहिली नाही. चित्रांसाठी `READ_MEDIA_IMAGES` अशी वेगळी परवानगी आली. चलचित्रे आणि ध्वनी यांच्याही परवानग्या वेगळ्या झाल्या. आता समजा, प्रोग्रॅमरने ॲप नव्या अँड्रॉइडसाठी बांधले, पण परवानगी मागण्याची ओळ बदलायची राहून गेली. ॲप जुनी परवानगी मागते, आणि फोन तुम्हाला काहीही न विचारता परस्पर ‘नाही’ म्हणतो. ॲपला वाटते की नकार तुम्हीच दिला! ‘नकार असेल तर बटण दाखवू नये’ असे ॲपमध्ये लिहिले असेल, तर बटण गुप्त होते. तुम्ही नकार दिलेला नसतो, कारण प्रश्नच तुमच्यापर्यंत आलेला नसतो.

अँड्रॉइडमध्ये बटण लपवण्याचेही दोन प्रकार आहेत. `INVISIBLE` म्हटले तर बटण दिसत नाही, पण त्याची जागा रिकामी राहते, वर्गात गैरहजर विद्यार्थ्याचा बाक राहतो तशी. `GONE` म्हटले तर बाकच उचलला जातो आणि शेजारची बटणे सरकून पोकळी भरून काढतात. म्हणजे बटण गेल्यावर तेथे पोकळी आहे की नाही, हीसुद्धा एक नोंद झाली, आणि ती करायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही.

आता आमच्या मुलाचा फोन पाहू. फोन त्याच्या आजोबांचा होता. तोच फोन, त्याच बनावटीचा आणि त्याच अँड्रॉइडचा, त्याच्या वर्गमैत्रिणीकडेही होता. दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपच्या माहितीच्या पानावर तळाशी असलेला आवृत्तीचा क्रमांक पाहिला; दोन्हीकडे एकच. तिच्याकडे बटण होते, याच्याकडे नव्हते. परवानग्यांचे पान उघडले. फोटोंची परवानगी दोन्हीकडे दिलेली. ती काढून पुन्हा दिली, तरी फरक पडला नाही. पूर्वी हे बटण पानाच्या तळाशी होते. अपडेटनंतर सर्व बटणे वरच्या पट्टीत गेल्याचे मैत्रिणीच्या फोनवरून कळले. तिच्या पट्टीत तीन बटणे होती: जतन करा, ठिकाण आणि फोटो जोडा. याच्या पट्टीत काय होते, ते आता पहिल्यांदाच कोणी नीट पाहिले. तेथे ‘जतन करा’ होते आणि शेजारी तीन उभे ठिपके. म्हणजे एक नव्हे, दोन बटणे गेली होती! ‘ठिकाण’ही नाहीसे झाले होते. पर्जन्यमापक रोज एकाच जागी असल्यामुळे ते बटण कोणी वापरत नसे, म्हणून ते गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मी त्याला फोन आडवा धरायला सांगितले. फोन नव्वद अंशांतून फिरवताच पट्टीत तिन्ही बटणे हजर झाली, आणि उभा धरताच दोन पुन्हा नाहीशी. मुलांना हा जादूचा प्रयोग वाटला. मला मात्र या एका कृतीने निम्मे काम झाल्यासारखे वाटले. का, ते पाहा. परवानगी दिली आहे की नाही, हे फोन उभा आहे की आडवा यावर अवलंबून नसते. कंपनीने सोय बंद ठेवली असेल तर तिलाही तुमचा फोन कसा धरला आहे याच्याशी कर्तव्य नसते. फोन आडवा केल्याने ठळकपणे बदलते ती एकच गोष्ट, पडद्याची रुंदी. तेव्हा पहिल्या दोन शक्यता जवळजवळ बाद झाल्या आणि तिसरी उरली, जागेची. (प्रत्येक ॲप आडवे होतेच असे नाही, काहींनी तशी मनाई केलेली असते. तेथे ही चाचणी चालणार नाही.)

पण दोन्ही फोनची रुंदी तर एकच! मग एकात जागा पुरते आणि दुसऱ्यात नाही, हे कसे? येथे थोडे गणित करावे लागेल. पडदा लहान लहान ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. या फोनची रुंदी ७२० पिक्सेल आणि उंची १६०० पिक्सेल आहे. परंतु ॲप बटणांची मापे पिक्सेलमध्ये घेत नाही, कारण मग दाट पिक्सेलांच्या फोनवर बटण मुंगीएवढे झाले असते. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी डीपी नावाचे एकक आहे. (तुमच्या बोलण्यातला डीपी वेगळा; त्याचा येथे संबंध नाही.) एका इंचात १६० डीपी असे ते ठरवले आहे. इंचात किती पिक्सेल धरायचे या आकड्याला घनता म्हणतात, आणि सूत्र असे होते:

डीपीमधील रुंदी = पिक्सेल × १६० ÷ घनता

मैत्रिणीच्या फोनची घनता ३२०. म्हणून रुंदी ७२० × १६० ÷ ३२० = ३६० डीपी.

आता आजोबांचा फोन. आजोबांना बारीक दिसत नाही, म्हणून घरात कोणीतरी सेटिंग्जमध्ये जाऊन डिस्प्लेचा आकार एक घर वाढवून ठेवला होता. अक्षरांचा आकार वाढवला तर फक्त अक्षरे मोठी होतात. डिस्प्लेचा आकार वाढवला तर चित्रे, बटणे, मोकळ्या जागा सगळेच मोठे होते. हे फोन कसे साधतो? पिक्सेल तर तेवढेच राहतात. तो फक्त घनतेचा आकडा वाढवून सांगतो. या फोनमध्ये ती ३६० होते. आता रुंदी ७२० × १६० ÷ ३६० = ३२० डीपी. काच तीच, पण ॲपच्या हिशेबी पडदा ४० डीपींनी अरुंद झाला. आणि फोन आडवा केला तर १६०० × १६० ÷ ३६०, म्हणजे सुमारे ७११ डीपी मिळतात, भरपूर.

वरच्या पट्टीत कोणाला बसवायचे याचा अँड्रॉइडच्या नेहमीच्या साधनसंचात एक ठरीव नियम आहे. रुंदी ३६० डीपी किंवा जास्त असेल तर तीन आसने, ५०० पासून चार, ६०० च्या वर पाच. आणि ३६० च्या खाली असेल तर दोनच. एसटीत आसने संपली तर लोक उभे राहतात. येथे तशी सोय नाही. बटणे आसनांहून जास्त झाली, की एक आसन तीन ठिपक्यांसाठी राखून ठेवले जाते आणि उरलेली बटणे त्या ठिपक्यांमागच्या यादीत जातात. आता हिशेब करा. मैत्रिणीकडे तीन आसने आणि तीन बटणे, सगळी बसली. आजोबांच्या फोनवर दोन आसने आणि बटणे तीन. म्हणून एक आसन ठिपक्यांना आणि एक पहिल्या बटणाला. ‘जतन करा’ राहिले. ‘ठिकाण’ आणि ‘फोटो जोडा’ आत गेली. आपण पाहिले ते नेमके हेच. आम्ही ठिपक्यांवर बोट ठेवले आणि आतून यादी उघडली. ‘फोटो जोडा’ तेथे मुकाट्याने बसले होते.

ज्या ॲपमध्ये असे घडते त्यात बटणाची सूचना साधारण अशी असते:

```
<item
    android:id="@+id/attach_photo"
    android:icon="@drawable/ic_photo"
    android:title="@string/attach_photo"
    app:showAsAction="ifRoom" />
```

शेवटची ओळ पाहा. तिचा अर्थ, ‘जागा असेल तर पट्टीत दाखव’. प्रोग्रॅमरच्या टेबलावरच्या फोनवर जागा होती, त्यामुळे त्याला बटण दिसत राहिले. ‘आमच्याकडे बटण दिसत आहे’ हे मदतकक्षाचे उत्तर खोटे नव्हते. फक्त ते ३६० डीपींचे सत्य होते. ही अडचण इतकी नेहमीची आहे, की मोझिला या संस्थेने १९९८ साली खुली केलेली बगझिला नावाची दोषनोंदवही चालू झाली तिच्यात अशा तक्रारींवर मारायचा एक शिक्काच आहे: `WORKSFORME`, म्हणजे ‘माझ्याकडे तर चालते’. हा शिक्का बसला, की तक्रार बहुधा फडताळात जाते.

एक चाचणी अजून उरली होती. आजोबांच्या फोनवर डिस्प्लेचा आकार मूळ जागी आणला, बटण आले. पुन्हा वाढवला, गेले. हे दोनदा केले. मग मैत्रिणीच्या फोनवर आकार वाढवला, तर तिचेही बटण गेले. या शेवटच्या पायरीला मी फार महत्त्व देतो. बिघाड दुरुस्त करता येणे ही एक गोष्ट, आणि चांगल्या फोनवर तो मुद्दाम घडवून दाखवता येणे ही दुसरी. दुसरी जमली, की कारण सापडले असे म्हणायला हरकत नाही.

मग मुलाने दुसरे पत्र लिहिले. मी त्यात दोन-तीन शब्दच बदलले.

‘महोदय, सप्रेम नमस्कार. माझ्या आधीच्या पत्रासंबंधी अधिक माहिती देत आहे. आपल्या ॲपच्या नव्या आवृत्तीत (क्रमांक विषयाच्या ओळीत दिला आहे) नोंदीच्या पानावर “फोटो जोडा” हे बटण वरच्या पट्टीत दिसत नाही. “ठिकाण” हेही दिसत नाही. फक्त “जतन करा” आणि तीन ठिपके दिसतात. फोन अँड्रॉइड १३ चा असून पडदा ७२० × १६०० पिक्सेलचा आहे. बनावट व मॉडेल खाली लिहिले आहे. फोनची आणि ॲपची भाषा मराठी आहे. फोटोंची परवानगी दिलेली आहे. ती काढून पुन्हा दिल्याने फरक पडत नाही.

हे असे घडवता येते: सेटिंग्जमध्ये डिस्प्लेचा आकार मूळ आकारापेक्षा एक घर वाढवावा. ॲप उघडून नवी नोंद सुरू करावी. फोन उभा असेल तर दोन बटणे दिसत नाहीत; आडवा केल्यास दिसतात. आकार मूळ जागी आणल्यास उभ्या फोनवरही दिसतात. दोन फोनवर प्रत्येकी दोनदा करून पाहिले. प्रत्येक वेळी असेच घडले.

मागील आवृत्तीत याच फोनवर, याच आकारात, बटण पानाच्या तळाशी दिसत असे. तीन ठिपक्यांच्या यादीतून फोटो जोडता येतो, त्यामुळे आमचे काम सध्या चालू आहे. परंतु ज्यांना कमी दिसते म्हणून आकार वाढवावा लागतो, नेमक्या त्यांनाच बटण शोधावे लागत आहे. सोबत दोन्ही स्थितींतील पूर्ण पडद्याची चित्रे जोडली आहेत.’

(चित्रे ईमेलला जोडली होती, हे सांगणे न लगे!)

या पत्रात ‘लेटेस्ट व्हर्जन’ हा शब्द नाही, त्याऐवजी क्रमांक आहे. लेटेस्ट हा शब्द दर आठवड्याला नव्या आवृत्तीला चिकटतो. क्रमांक हलत नाही. ‘परवा अपडेट झाले’ हेही गाळले, कारण अपडेट पुष्कळदा रात्री आपोआप होते आणि आपल्या लक्षात येते ते नंतर. चित्रे पूर्ण पडद्याची आहेत, कापलेली नाहीत. नुसत्या पट्टीचा तुकडा कापून पाठवला असता तर पडदा किती रुंद, फोन उभा की आडवा, हे पाहणाऱ्याला समजले नसते. मात्र पूर्ण पडद्यावर वर एखादा खाजगी निरोप किंवा फोन नंबर झळकत असतो, तो झाकून मगच चित्र पाठवावे. आणि आणखी एक: पत्रात निरीक्षण आहे, तर्क नाही. ‘तुमचा `ifRoom` चुकला’ असे लिहिण्याचा मोह मुलांना झाला होता. पण आपण त्यांचा प्रोग्रॅम पाहिलेला नाही. आपला तर्क चुकला तर वाचणारा त्या चुकीच्या वाटेने जातो. ‘पुट्टी’ या प्रसिद्ध प्रोग्रॅमचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ साली दोष कसे कळवावेत यावर एक निबंध लिहिला, त्यातही लक्षणे आधी सांगा, निदान मागून, असाच आग्रह आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘मला अमुक गोळी द्या’ म्हणण्यापेक्षा कोठे, केव्हापासून दुखते ते सांगितलेले बरे.

उत्तर तिसऱ्या दिवशी आले. त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या करताच त्यांच्याकडेही बटणे नाहीशी झाली होती. पुढच्या आवृत्तीत ‘फोटो जोडा’ला कायमचे आसन मिळाले, म्हणजे प्रोग्रॅमच्या भाषेत `ifRoom` च्या जागी `always` आले असावे. आजोबांच्या फोनवर आता बटण दिसते. पण रुंदी अजून ३२० डीपीच आहे, आणि कोणाची तरी जागा जाणारच. पट्टीवर पूर्वी ‘पावसाची दैनिक नोंद’ असे पूर्ण नाव येत असे. तेथे आता ‘पावसाची दै…’ एवढेच मावते.